अडकलेल्या विमा दाव्याला हलवणारं पत्र

*राजापूरला जवाहर चौकाजवळ आमचं किराणा-भुसार दुकान आहे. १४ जुलैला पुराचं पाणी दुकानात चढलं, सगळा माल गेला. दुकान आणि विमा पॉलिसी सासऱ्यांच्या नावावर आहे आणि मालावर बँकेचं कॅश क्रेडिट आहे. सर्व्हेअर येऊन गेले, कागद दिले, पण दिवाळी गेली तरी निर्णय नाही. मी एजंटना आणि सर्व्हेअरना अधूनमधून व्हॉट्सॲपवर लिहिते: “साहेब नमस्कार. आमच्या क्लेमचं काय झालं? तीन महिने होऊन गेले. सगळे पेपर दिले तरी परत परत मागता. सणासुदीला हातात पैसा नाही, बँकेचं व्याज चालूच आहे. फोन केला तर उचलत नाही. आमचं काहीतरी करा, नाहीतर वर तक्रार करावी लागेल.” याचं नीट पत्र कसं करू? उद्धट वाटायला नको, पण कोणी बाजूलाही टाकायला नको.*

ताई, तुमच्या मेसेजमधलं एकही वाक्य खोटं नाही. पण तो वाचून समोरच्या माणसाला करता येईल असं एकही काम त्यात नाही. “काहीतरी करा” याचं उत्तर “बघतो” एवढंच येतं, आणि तुम्हाला आजवर तेच येत असणार. म्हणून भाषा नीट करण्याआधी एक गोष्ट ठरवा: दावा नेमका कुठे थांबला आहे? पत्रात त्याच ठिकाणची एक मागणी असावी.

पुराच्या दाव्याला थांबायच्या जागा फार नाहीत. सर्व्हेअर नेमला गेलेला नाही, सर्व्हेअरचा अहवाल कंपनीकडे गेलेला नाही, अहवाल गेला पण कंपनीचा निर्णय नाही, किंवा निर्णय झाला पण पैसे आलेले नाहीत. सर्व्हेअर अजून तुमच्याकडे कागद मागत असतील तर अहवाल गेलेला नाही, असं जवळजवळ खात्रीने धरून चाला. म्हणजे आज तुम्ही “पैसे कधी देणार” असं विचारलंत, तर वाचणाऱ्याच्या हातात नसलेली गोष्ट मागता. आज मागायचं ते हे: कोणते कागद बाकी आहेत त्याची एकदाच पूर्ण लेखी यादी द्या, आणि काही बाकी नसेल तर अहवाल कंपनीला कोणत्या तारखेला गेला ते कळवा. या प्रश्नाला “बघतो” असं उत्तर देता येत नाही.

पत्र कोणाला लिहायचं, हेही इथेच ठरतं. एजंट तुमच्या ओळखीचे असतील, मदतही करत असतील, पण त्यांना पाठवलेला मेसेज कंपनीच्या दफ्तरात जाईलच असं नाही. सर्व्हेअर परवानाधारक असतात आणि कंपनीने नेमलेले असतात. ते नुकसान मोजतात, दावा मंजूर करणं कंपनीचं काम. तेव्हा पत्र पॉलिसी देणाऱ्या कार्यालयाच्या दावे विभागाला लिहा आणि त्याच्या प्रती सर्व्हेअर, बँकेची शाखा आणि एजंट यांना द्या. सर्व्हेअरना प्रत गेली की आपलं काम कंपनीसमोर तारखेसह मांडलं गेलं आहे, हे त्यांना न सांगता कळतं. बँकेला प्रत द्यायचं कारण वेगळं आहे. मालावर कर्ज असेल तर पॉलिसीत बहुधा बँकेचं नाव असतं आणि रक्कम आधी बँकेकडे जाते. त्यामुळे बँकेलाही या दाव्यात रस असतो, आणि शाखेकडून एक ईमेल गेला तर तुमच्या पत्राला जोर येतो.

सही सासऱ्यांचीच हवी. तुम्ही स्वतःच्या नावाने लिहिलंत तर “आपण पॉलिसीधारक नाही” असं उत्तर देऊन कंपनी आणखी एक फेरा वाढवू शकते. पाठपुरावा तुम्ही करणार असाल, तर तसं एक वाक्य पत्रातच घाला. खालच्या मसुद्यात ते आहे.

आता कागदांचं. तुम्हाला राग येतो तो “परत परत मागता” यावर, आणि दावाही इथेच अडकला आहे, म्हणून इथे थोडं थांबू. पुरात माल वाहून गेला किंवा चिखलात सडला की सर्व्हेअरपुढे प्रश्न असतो, त्या दिवशी दुकानात माल होता किती? तो हे असं मोजतो: १ एप्रिलचा शिल्लक माल, त्यात १४ जुलैपर्यंतची खरेदी मिळवायची, आणि त्यातून तेवढ्या काळातली विक्री नफा वगळून वजा करायची. यातला एक आकडा जरी कागदावर नसला तरी हिशेब उभा राहत नाही. बाजारपेठेतल्या दुकानांत बहुतेक वेळा नसतो तो खरेदीचा, कारण बिलंही त्याच पाण्यात गेलेली असतात. मग सर्व्हेअर “बिलं पाठवा” म्हणतो, दुकानदार जी आठ-दहा वाचली त्यांचे फोटो पाठवतो, सर्व्हेअर पुन्हा “बिलं पाठवा” म्हणतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि महिने जातात.

यातून मार्ग आहे. रत्नागिरी-कोल्हापूरच्या ज्या घाऊक व्यापाऱ्यांकडून माल घेता, त्यांच्याकडून १ एप्रिल ते १४ जुलैचा खातेउतारा आणि बिलांच्या दुय्यम प्रती सही-शिक्क्यासह मागा. तुमची नेहमीच्या पद्धतीची जीएसटी नोंदणी असेल तर व्यापाऱ्यांनी भरलेली तुमची खरेदी पोर्टलवर GSTR-2B मध्ये महिन्यानुसार दिसते. ती पाण्यात भिजत नाही. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला दिलेलं मालाचं विवरणपत्र हा तिसरा पुरावा. जूनअखेरचं विवरणपत्र पुराच्या दोनच आठवडे आधीचं, म्हणून ते फार कामाचं. मात्र ते देण्याआधी आपल्या दाव्याच्या आकड्याशी ताडून पाहा. बँकेला जूनमध्ये चार लाखांचा माल दाखवला आणि दाव्यात सहा लाखांचा, तर हा फरक सर्व्हेअरच्या नजरेतून सुटणार नाही. फरकाला खरं कारण असेल, समजा जुलैच्या पहिल्या आठवड्यात गणपतीसाठी माल भरला, तर ते त्या बिलांसह आपणहून एका वाक्यात लिहा. विचारल्यावर दिलेलं कारण नंतर सुचलेलं वाटतं.

तलाठ्यांनी केलेला पंचनामा जोडा, पण त्याच्यावर विसंबू नका. तो सरकारी मदतीसाठी असतो. पाणी शिरलं, किती उंच चढलं, दुकान बाधित झालं, एवढं त्यातून सिद्ध होतं. कंपनीच्या सर्वेक्षणाची जागा तो घेत नाही. “पंचनामा दिलाय ना?” असं पत्रात लिहून काही साधत नाही.

कागद व्हॉट्सॲपवर एकेक फोटो करून पाठवले असतील तर तेही गोंधळाचं एक मोठं कारण समजा. फाईल सर्व्हेअरकडून कंपनीच्या मुंबई-पुण्याच्या दावे कक्षाकडे जाते. तिथल्या माणसाला तुमच्या चॅटमधला चाळीसावा फोटो कधीच दिसत नाही. सगळे कागद पीडीएफ करा, प्रत्येकाला क्रमांक द्या (02_GSTR-2B_Apr-Jul.pdf असं साधं नाव पुरे), आणि पत्रात त्याच क्रमांकाने उल्लेख करा. पुढे कोणी तोच कागद मागितला तर “पत्रातील जोडपत्र २ पाहावे” एवढं एक वाक्य लिहून भागतं.

तुमच्या मेसेजचा मसुदा आता असा होईल. पॉलिसी आणि दावा क्रमांक कंपनीने दिलेत तसेच, इंग्रजी आकड्यांत लिहा. संगणकावर ते तसेच शोधले जातात. तारखा आणि रकमा इथे नमुन्याच्या आहेत, तुमच्या घाला आणि तारखेपुढे साल लिहायला विसरू नका.

> प्रति,
> व्यवस्थापक, दावे विभाग,
> (कंपनीचे नाव व पॉलिसी देणाऱ्या कार्यालयाचा पत्ता)
>
> दिनांक: १७ नोव्हेंबर
>
> विषय: पूरनुकसान दावा क्र. ________, पॉलिसी क्र. ________, नुकसानीचा दिनांक १४ जुलै, ठिकाण: जवाहर चौक, राजापूर. बाकी कागदपत्रांची यादी व सर्वेक्षण अहवालाची तारीख कळवण्याबाबत.
>
> महोदय/महोदया,
>
> वरील पॉलिसीखाली माझ्या किराणा दुकानातील मालाचा व साहित्याचा विमा आहे. १४ जुलै रोजी पुराचे पाणी दुकानात शिरून नुकसान झाले. १५ जुलै रोजी मी आपल्या टोल-फ्री क्रमांकावर सूचना दिली व वरील दावा क्रमांक मिळाला. आपले सर्वेक्षक श्री. ________ यांनी १८ जुलै रोजी पाहणी केली.
>
> माझी मागणी एकूण ₹३,४२,६०० ची आहे: धान्य व कडधान्य ₹१,६८,४००, तेल, साखर व इतर किराणा ₹१,२९,७००, फ्रीज व वजनकाटा ₹४४,५००. उपलब्ध कागदपत्रे मी २९ जुलै रोजी सर्वेक्षकांना दिली. ९ ऑगस्ट रोजी त्यांनी खरेदीची बिले पुन्हा मागितली. मूळ बिले पुरात नष्ट झाल्याने त्यांच्याऐवजी व्यापाऱ्यांकडील दुय्यम प्रती (जोडपत्र १), एप्रिल ते जुलैचे GSTR-2B (जोडपत्र २) आणि बँकेला दिलेले जूनअखेरचे मालाचे विवरणपत्र (जोडपत्र ३) सोबत जोडत आहे. त्यानंतर ६ व २४ ऑक्टोबर रोजी सर्वेक्षकांना दूरध्वनी केला, संपर्क होऊ शकला नाही.
>
> आपणास विनंती की,
> माझ्याकडून आणखी एखादा कागद आवश्यक असल्यास त्यांची एकत्रित यादी मला लेखी द्यावी, आणि आवश्यक नसल्यास सर्वेक्षण अहवाल आपल्याकडे कोणत्या तारखेस आला किंवा येणार आहे ते कळवावे. हे उत्तर २८ नोव्हेंबरपर्यंत मिळावे.
>
> दुकानातील मालावर बँकेचे कर्ज असून त्यावरील व्याज चालू आहे, म्हणून बँकेलाही प्रत दिली आहे. या दाव्याबाबत माझी सून सौ. ________ (मोबाईल ________) यांच्याशी बोलण्यास माझी संमती आहे.
>
> आपल्या सहकार्याबद्दल आभार.
>
> आपला,
> (पॉलिसीधारकाची सही व नाव)
>
> प्रत: सर्वेक्षक, शाखा व्यवस्थापक, ________ बँक, विमा एजंट

मेसेजमधल्या वाक्यांचं काय झालं ते पाहा. “तीन महिने होऊन गेले” याच्या जागी तारखा आल्या, मोजणी वाचणाऱ्याने करावी. “फोन उचलत नाही” हा आरोप होता, त्याचं “६ व २४ ऑक्टोबर रोजी दूरध्वनी केला, संपर्क होऊ शकला नाही” झालं. त्यात कोणाचा अपमान नाही आणि पुढे कोणापुढेही दाखवता येईल अशी नोंद आहे. बँकेचं व्याज राहिलं, पण सणासुदीच्या दुःखाशिवाय, कारण व्याज कागदावर दिसतं. आणि “नाहीतर वर तक्रार” हे काढूनच टाकलं. धमकी पहिल्या पत्रात दिली की दुसऱ्या पत्रासाठी काही उरत नाही. तक्रार करायची वेळ आली की ती करायची, आधी सांगत बसायचं नाही.

सौजन्याच्या दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. “कृपाळू होऊन”, “आपल्या पायाशी विनंती”, “त्रास दिल्याबद्दल क्षमस्व” असं काही लिहू नका. हप्ता भरलेल्या माणसाने हिशेब विचारणं हा त्रास नव्हे. “विनंती की” आणि “आभार” एवढी नम्रता पुरते. “लवकरात लवकर” हा शब्द मात्र आवर्जून टाळा, त्याच्या जागी नेहमी तारीख लिहा. दहा-बारा दिवसांची मुदत वाजवी, दोन दिवसांची मुदत कोणी मनावर घेत नाही.

पत्राची भाषा मराठी चालते, पण ईमेल राज्याबाहेरच्या कक्षात वाचला जाण्याची शक्यता असेल तर वरची विनंती दोन ओळींत हिंदी किंवा इंग्रजीतही खाली लिहा. पत्र दोन वाटांनी पाठवा. एक प्रत कंपनीच्या कार्यालयात नेऊन देणं शक्य असेल तर आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नुसती सही पुरेशी नाही. लांब असेल तर पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच करा आणि पोहोच मिळाल्याचा पुरावा मागून घ्या. त्याच दिवशी तेच पत्र जोडपत्रांसह ईमेलनेही पाठवा. पुढची सगळी पत्रं त्याच ईमेलला उत्तर म्हणून जाऊ द्या, म्हणजे प्रत्येक नव्या वाचणाऱ्याला खाली सगळा इतिहास दिसतो. फोनवर कोणी काही सांगितलं तर त्याच दिवशी एक ओळ लिहून पाठवा: “आज दुपारी आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार अहवाल २५ नोव्हेंबरपर्यंत येईल असे आपण सांगितले, त्याची नोंद म्हणून हा ईमेल.” फोनवरचं आश्वासन अशा एका ओळीने कागदावर येतं.

मुदत संपली आणि उत्तर नाही, तर सगळं पुन्हा लिहू नका. दुसरं पत्र पहिल्यापेक्षा लहान असावं आणि त्यात नवीन एकच गोष्ट असावी, ती म्हणजे नियमांचा उल्लेख:

> “दिनांक १७ नोव्हेंबरचे माझे पत्र (पोहोच सोबत) अनुत्तरित आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकांनुसार सर्वेक्षण अहवाल सर्वेक्षकाच्या नेमणुकीपासून १५ दिवसांत मिळवणे व अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत दाव्याचा निर्णय घेणे अपेक्षित आहे. माझ्या दाव्यात पाहणी १८ जुलै रोजी झाली आहे. कृपया अहवालाची सद्यस्थिती व निर्णयाची तारीख ९ डिसेंबरपर्यंत लेखी कळवावी.”

नियम सांगताना आवाज चढवायची गरज नाही, दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुरे. त्याच परिपत्रकांत असंही म्हटलं आहे की केवळ कागद नाहीत म्हणून कंपनीने दावा नाकारू नये आणि दाव्याशी संबंधित, आवश्यक तेवढेच कागद मागावेत. हे वाक्य आत्ता वापरू नका. “बिलं नाहीत म्हणून फाईल बंद” असं पत्र आलं, तर त्याच्या उत्तरात ते वापरायचं.

तिसरं पत्र दावे विभागाला नाही, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. नाव आणि ईमेल पॉलिसीच्या कागदांत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. इथे विषयात “तक्रार” हा शब्द ठळक लिहा. तो नसेल तर पत्र साधी चौकशी म्हणून नोंदलं जातं आणि तक्रारीच्या मुदती त्याला लागू होत नाहीत. तक्रार क्रमांक मागून घ्या. कंपनीने दोन आठवड्यांत तक्रार सोडवायची असते. समाधान झालं नाही तर विमा नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा. तोवर तुमची आधीची पत्रं आणि पोहोच तयार असतीलच, तीच तिथे चढवायची.

कंपनीने लेखी तक्रार फेटाळली, महिनाभर उत्तरच दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. रत्नागिरी जिल्ह्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. तिथे ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, शुल्क नाही, वकील लागत नाही. तुमच्यासारख्या एकमालकी दुकानालाही ही वाट खुली आहे. कंपनीचं उत्तर आल्यापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. मात्र तोच वाद ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात आधीच नेलेला असेल तर लोकपाल तो घेत नाही, म्हणून कुठे जायचं ते आधी ठरवा.

दरम्यान कंपनीकडून रकमेचा प्रस्ताव आला आणि तो मागणीपेक्षा कमी असला, तर सासऱ्यांनी “पूर्ण व अंतिम” लिहिलेल्या कागदावर लगेच सही करू नये. आधी एक पत्र लिहा, त्यातही मागणी एकच: सर्वेक्षण अहवालाची प्रत आणि कपातीचा तपशील द्यावा. कपात अनेकदा तीन कारणांनी होते. बुडालेल्या मालातून विकता येण्याजोग्या उरल्यासुरल्या मालाची किंमत वजा होते, पॉलिसीत ठरलेली स्वतः सोसायची रक्कम वजा होते, आणि विमा मालाच्या किमतीपेक्षा कमी उतरवलेला असेल तर त्या प्रमाणात दावा कापला जातो. तुमची पॉलिसी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ असेल तर शेवटचं कारण नीट तपासा, कारण त्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा धरायचा नसतो. अहवालात तो धरलेला दिसला तर पुढच्या पत्राचा विषय तोच, आणि मागणी: “कपात रद्द करून सुधारित रक्कम कळवावी.” जी रक्कम वादात नाही ती स्वीकारतो आणि उरलेल्या रकमेबद्दलचा हक्क राखून ठेवतो, असं एक वाक्य त्यात लिहा, सासऱ्यांची सही घ्या आणि बँकेला प्रत पाठवा.